‘दिवसाला किती?’ आणि ‘उठल्यावर किती वेळाने?’

तंबाखू सोडायची म्हणून निकोटिन गम मागणाऱ्याला औषध दुकानात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: ‘दिवसाला किती पुड्या लागतात?’ उत्तर कमी आले की २ मिलिग्रॅमची गम हातात पडते. पुड्यांची संख्या म्हणजेच व्यसनाची तीव्रता, हा समज आता तरी सोडायला हवा. विडी-सिगारेट निदान मोजता येते. तंबाखूची पुडी लहान-मोठी असते, चौघांत वाटली जाते आणि प्रत्येकाची चिमूटही वेगळी असते.

खरा प्रश्न दुसरा आहे: झोपेतून उठल्यावर पहिली तंबाखू किती वेळाने लागते? रात्रभरात रक्तातले निकोटिन उतरते, म्हणून सकाळची तलफ शरीराचे अवलंबित्व उघड करते. अर्ध्या तासाच्या आत गरज भासत असेल, तर सहसा ४ मिलिग्रॅमची मात्रा योग्य ठरते. हा निकष मुळात सिगारेट ओढणाऱ्यांसाठी ठरवलेला असला, तरी तंबाखू खाणाऱ्यांसाठीही तो पुड्यांच्या हिशेबापेक्षा अधिक उपयोगी आहे.

समजा, मानवतच्या बाजाराला आलेले एक मामा सांगतात, ‘दोनच पुड्या लागतात, अन् पहिली चहानंतर.’ येथे थांबले तर व्यसन सौम्य वाटते. पण ‘मामा, सकाळी दात कशाने घासता?’ असे विचारल्यावर ते म्हणतात, ‘मिश्रीनं, उठल्या उठल्या.’ मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मात्र लावणारा तिला तंबाखूत धरत नाही आणि घरातल्या मावशी तर ‘मी तंबाखूला हातही लावत नाही’ असे मनापासून सांगतात. म्हणजे मामांचे पहिले निकोटिन उठल्यापासून पाच मिनिटांत पोटात नव्हे, हिरड्यांतून रक्तात जाते. त्यांना २ मिलिग्रॅमची गम दिली, तर तलफ भागणार नाही आणि ‘गमचा काही उपयोग नाही’ म्हणत ते पुडीकडे परततील. आपल्याकडे २ मिलिग्रॅमची गम चिठ्ठीशिवाय देता येते, ४ ची मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. म्हणून मामांना तंबाखूची ही माहिती कागदावर लिहून डॉक्टरांकडे पाठवणे हेच औषधविक्रेत्याचे काम आहे.

नुकताच हृदयविकाराचा झटका, छातीत वाढते दुखणे, गर्भधारणा, अठरापेक्षा कमी वय, हे विचारायचेच. त्यांपैकी काही असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी. तोंड पूर्ण उघडत नसेल, तर गमचा विषय बाजूला ठेवून आधी दंतवैद्याकडे पाठवावे. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांत हे दुखणे आढळते.

गम देताना ती च्युइंगमसारखी सतत चघळायची नाही, हे सांगावे. जीभ चुरचुरेपर्यंत हळू चावून ती गालाशी दाबून ठेवायची, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायची. असे सुमारे अर्धा तास. भराभर चावून लाळ गिळली तर उचकी आणि जळजळ होते. कॉफी किंवा थंड पेयाने तोंड आम्लधर्मी झाले की निकोटिन कमी शोषले जाते, म्हणून आधीची पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घेऊ नये. तंबाखूत चुना मळणाऱ्याला हे कारण लवकर उमगते, कारण चुना नेमके याच्या उलट काम करतो.