एकच विमानप्रवास, दोन दर: कारण आसनसाठ्यात की कुकीमध्ये?

फोनवर एक दर आणि संगणकावर दुसरा दिसला की बहुतेकांचा संशय कुकीवर, म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदीवर, जातो. मात्र या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. विचारणाऱ्याची ओळख पाहून दर बदलणे ही एक गोष्ट आहे आणि विचारण्याच्या क्षणी आसनसाठ्याची स्थिती बदललेली असणे ही दुसरी. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण कुकी पुसण्याचा संबंध केवळ पहिलीशी आहे.

विमानातील एकाच केबिनची आसने अनेक बुकिंग क्लासमध्ये विभागलेली असतात आणि प्रत्येक क्लासला इंग्रजी अक्षराचे नाव असते. स्वस्त क्लासमधील ठरावीक आसने संपली, किंवा कंपनीने तो क्लास बंद केला, की पुढचा दर लागू होतो. म्हणून दर हळूहळू न सरकता एकदम पायरी चढतो. शिवाय तिकिटांची संकेतस्थळे प्रत्येक शोधासाठी विमानकंपनीला नव्याने विचारतातच असे नाही. थोड्या वेळापूर्वी मिळालेले उत्तर साठवून तेच पुन्हा दाखवतात. या साठवणीला कॅशे म्हणतात. ती संकेतस्थळाच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे आपल्या ब्राउझरमधून काहीही पुसले तरी तिला धक्का लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. हिशोब सोपा राहावा म्हणून दर नुसत्या आकड्यांत मांडतो. दोन प्रवाशांसाठी फोनवर शोध घेतला, तेव्हा माणशी १०० दिसले. काही मिनिटांनी संगणकावर तोच शोध घेतला, तर माणशी १२०. कुकी पुसल्या, खासगी विंडो उघडली, तरी १२०च. आता फोनवर परत जाऊन तोच पर्याय पैसे भरण्याच्या टप्प्यापर्यंत नेला, तर तिथेही ‘दर बदलला आहे’ अशी सूचना येऊन १२० झाले. म्हणजे फोनवरचा दर स्वस्त नव्हता, शिळा होता. यानंतर प्रवाशांची संख्या १ करून पाहिली आणि १०० परत आले. स्वस्त क्लासमध्ये एकच आसन उरले होते आणि एका बुकिंगमधील सर्व प्रवाशांना सहसा एकाच क्लासचा दर लावला जात असल्याने दोघांनाही वरची पायरी चढावी लागत होती. अशा वेळी दोन स्वतंत्र तिकिटे काढल्यास एकूण २४० ऐवजी २२० लागतात. मात्र पुढे उड्डाण रद्द झाले तर त्या दोन बुकिंगची पर्यायी व्यवस्था वेगवेगळी होऊ शकते, हा धोका लक्षात घ्यावा.

‘कुकी पुसल्या आणि दर उतरला’ हा अनुभव सांगणारे खोटे बोलत नसतात. काही प्रणालींमध्ये बुकिंग अर्धवट सोडले तरी ती आसने थोडा वेळ अडकून राहतात. अशा वेळी दुसऱ्या उपकरणावर दिसणारा चढा दर खुद्द आपल्याच अपूर्ण बुकिंगमुळे आलेला असू शकतो. मुदत संपून आसने सुटली की दर खाली येतो, आणि नेमक्या त्याच मधल्या वेळात आपण कुकी पुसलेल्या असतात.

याचा अर्थ ओळखीनुसार काहीच बदलत नाही असा नव्हे. २०१४ साली अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी खरेदीच्या अनेक संकेतस्थळांची तपासणी केली, तेव्हा हॉटेलच्या खोल्यांसाठी काही ठिकाणी लॉग-इन केलेल्यांना, तर एका ठिकाणी मोबाइलवरून पाहणाऱ्यांना कमी दर दिसल्याचे आढळले. केवळ ॲपसाठी दिलेली सवलतही याच जातीची. दोन वर्षे आधी, २०१२ मध्ये, ऑर्बिट्झ हे प्रवास-बुकिंगचे संकेतस्थळ मॅक संगणकवाल्यांना महागडी हॉटेले वर दाखवत असल्याची बातमी गाजली होती. पण तिथे फरक यादीच्या क्रमात होता, एकाच खोलीच्या दरात नव्हता. ही बातमी नेहमी चुकीची सांगितली जाते.

कुकीमध्ये लॉग-इनची खूण, निवडलेला देश व चलन आणि आपण कोणत्या तुलनास्थळावरून आलो याची नोंद असू शकते. म्हणून त्या पुसल्याने सभासदांचा दर किंवा तुलनास्थळामार्फत मिळालेली सवलत हातची जाण्याचीही शक्यता असते. याउलट, खासगी विंडोत आयपी पत्ता तोच राहत असल्याने देशानुसार ठरणारा दर सहसा तसाच राहतो.

फरक कशामुळे आहे हे तपासायचे तर दोन्ही उपकरणांवर एकाच वेळी नवा शोध घ्यावा. देश, चलन, प्रवासीसंख्या आणि लॉग-इनची स्थिती सारखी ठेवावी. सामान व तिकीट रद्द करण्याच्या अटी जुळतात का ते पाहावे आणि कर-शुल्कासह अंतिम रक्कम येईपर्यंत पुढे जावे, मात्र एका उपकरणावर प्रवाशांची नावे भरून बुकिंग अर्धवट सोडू नये. इतके करूनही फरक टिकला, तर एका उपकरणावर लॉग-आउट करून किंवा ॲपऐवजी ब्राउझर वापरून पाहावे. ज्या बदलाने आकडा हलतो, त्यातच त्या फरकाचे कारण असते.