अपघातानंतर तिथून निघणं आणि पळून जाणं

अपघात झाल्यावर जागेवरून हललात की ‘हिट अँड रन’ झालंच, असं बरेच जण मानतात. ‘जमाव मारेल म्हणून निघालो’ एवढं सांगितलं की सुटका, असंही तितकेच जण मानतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पोलिसांनी थांबायला सांगितलं नसेल, तर कायदा चालकाला रस्त्यावर उभं राहायला लावत नाही. जखमीला उपचार मिळावेत आणि पोलिसांपर्यंत गाडी कोणाची, चालवत कोण होतं हे पोचावं, एवढं तो मागतो. हे दोन्ही करण्यासाठी कधी कधी तिथून निघावंच लागतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये हे आहे. अपघातात कोणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोचवायचं. जमावाचा प्रक्षोभ किंवा हाताबाहेरचं दुसरं कारण असेल, तर या कर्तव्यातून सूट आहे. पण सूट फक्त एवढ्यापुरती. पोलिस तिथे नसतील तर जवळच्या ठाण्यात जाऊन घटना सांगायची, आणि जखमीला मदत का करता आली नाही तेही सांगायचं. शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत. म्हणजे जमावाची सबब ठाण्यात सांगावी लागते, घरी बसून ती लागू होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुणे–नाशिक रस्त्यावर मंचरच्या अलीकडे रात्री आठला एका कारची मोटारसायकलला धडक बसते. स्वाराचा पाय मोडतो. वीस-पंचवीस माणसं धावत येतात, एकाच्या हातात दगड आहे. कारचालक तिथून निघतो.

पुढे दोन शक्यता आहेत. पहिल्या चालकाने दोन किलोमीटरवर पेट्रोल पंपाशी गाडी थांबवली, 108 ला फोन करून रुग्णवाहिकेसाठी जागा सांगितली, 112 ला स्वतःचं नाव आणि गाडीचा नंबर सांगितला, आणि साडेआठला ठाण्यात पोचला. तिथे त्याने स्टेशन डायरीत नोंद करून घेतली आणि नोंदीचा क्रमांक लिहून घेतला. 112 चा फोन उपयोगी पुरावा आहे, पण कायदा ठाण्यात खबर मागतो, म्हणून फोनवर थांबू नये. हा माणूस निघाला खरा, पण पळाला नाही.

दुसरा थेट घरी गेला. गाडी पार्किंगमध्ये लावली, भाऊजींना फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला वकिलासह ठाण्यात आला. हिशेब असा की एकवीसच तास झाले, मुदतीत आहोत. इथेच लोक फसतात. 24 तास ही शेवटची मर्यादा आहे. ‘शक्य तितक्या लवकर’ ही अट त्याआधी येते. वाटेत ठाणं लागत असताना घरी का गेलात, या प्रश्नाला उत्तर हवं. शिवाय एकवीस तासांत रक्तातलं अल्कोहोल उतरून गेलेलं असतं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा होतो, आणि आता ते तपासायची संधीच गेलेली असते. न पिता घरी गेलेल्यावरही ‘पिऊन होता म्हणून उशिरा आला’ हा संशय बसतो, आणि तो पुसायला त्याच्याकडे काही नसतं. माझ्या मते लवकर हजर होण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच: आपण शुद्धीत होतो याचा कागद तयार होतो.

कलम 134 मोडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मूळ अपघाताच्या गुन्ह्याशिवाय वेगळं.

मृत्यू झाला तर प्रश्न गंभीर होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली निष्काळजीपणामुळे मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा जामीनपात्र आहे. ‘ठाण्यात गेलो की आतच टाकतील’ ही भीती त्यामुळे बरीचशी अनाठायी आहे. मृत्यू घडवून, पोलिस किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं पोटकलम म्हणजे 106(2). जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांचा संप झाला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तो याच पोटकलमावरून. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते वगळून लागू झाली. गंमत अशी, की त्याचा मजकूर वाचला तरी शिक्षा जागा सोडण्याला नाही, न कळवता पळण्याला आहे.

आता जखमीच्या बाजूने बघा, कारण भरपाईच्या कायद्यात ‘हिट अँड रन’ची कसोटी निराळी आहे. तिथे चालक पळाला की नाही हे बघत नाहीत. प्रयत्न करूनही गाडीची ओळख पटली नाही, तरच मोटार वाहन कायद्याचं कलम 161 लागतं. मग मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार, अशी ठरलेली रक्कम मिळते. अर्ज त्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. चालक पळाला पण नंबर सापडला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्या गाडीच्या विमा कंपनीविरुद्ध पूर्ण भरपाईचा दावा लावता येतो. आपल्या मोटारसायकलस्वाराचं ऑपरेशन, बुडालेला रोजगार, पायात राहिलेलं व्यंग हे सगळं त्यात मांडता येतं. म्हणून जखमीच्या घरच्यांनी आधी नंबरप्लेटच्या आणि सीसीटीव्हीच्या मागे लागावं. 161 चा अर्ज हा सगळं हुकल्यावरचा रस्ता आहे.

किरकोळ धडकेत ‘आपसात मिटवलं’ हा आपल्याकडचा आवडता निकाल. बंपर चेपला, दोन हजार दिले, निघाले. एवढ्यावर फारसं बिघडत नाही. पण समोरचा खरचटलेला असेल, तर मिटवलं तरी ठाण्यात कळवण्याचं कर्तव्य राहतंच. रात्री त्याचं डोकं दुखू लागलं आणि घरच्यांनी तक्रार दिली, तर पोलिसांच्या लेखी तुम्ही नाव न सांगता गेलेला माणूस असता. बाधित माणसाने स्वतःचं नाव-पत्ता देऊन विचारलं, तर चालकाने आपलं आणि मालकाचं नाव-पत्ता द्यायचं, असं कलम 132 सांगतं. लायसन्स त्याच्या हाती ठेवून जायची मात्र गरज नाही. दोघांच्या नंबरप्लेटचे फोटो घ्यावेत.

विमा कंपनीला कळवायला लोक नो क्लेम बोनस जाईल म्हणून कचरतात. तो बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यापुरता असतो, आणि कळवणं म्हणजे क्लेम करणं नव्हे. कलम 134 ही खबर लेखी मागतं: पॉलिसी क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमी किंवा मृतांचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील. कायद्यात यासाठी तासांची मुदत नाही, पण पॉलिसीच्या अटीत ‘ताबडतोब’ असतं, तेव्हा त्याच रात्री ई-मेल करून टाकावा. या कलमात चालक या शब्दात मालकही येतो. त्यामुळे ड्रायव्हर गाडी सोडून पसार झाला तरी हा ई-मेल मालकानेच करायचा, आणि पोलिसांनी विचारल्यावर ड्रायव्हरचं नाव-गावही त्यानेच सांगायचं.