काखमांजरी पुन्हा पुन्हा का येते?

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरला. काखेत किंवा जांघेत वारंवार गळू येत असेल तर रक्त अशुद्ध आहे, सात दिवस कडुलिंबाचा रस प्या. त्याखाली एका काकांनी लिहिलं, ‘आंबे बंद करा.’ दुसऱ्यांनी लिहिलं, ‘आधी शुगर बघा.’ मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पू आणि रक्त तपासण्यातच माझं आयुष्य गेलं. रक्त ‘अशुद्ध’ असल्याचा रिपोर्ट मी आजवर एकालाही दिलेला नाही. आंब्याने गळू होतं यालाही काही आधार नाही. शुगरवाल्या काकांचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे.

साधं गळू म्हणजे स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूचा हल्ला. केसाच्या मुळाशी जंतू शिरतो, आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावून जातात, आणि मेलेले जंतू, मेलेल्या पेशी, वितळलेलं मांस असं सगळं मिळून पू होतो. चार-पाच दिवस ठणका लागतो, गळवाला तोंड पडतं, ते फुटतं किंवा डॉक्टर चीर देतात, आणि एक-दोन आठवड्यांत जखम भरून येते. रक्तातली साखर सतत चढी राहिली तर या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जंतूपर्यंत उशिरा पोचतात आणि गिळलेला जंतू त्यांना नीट मारता येत नाही. मग गळू मोठं होतं, लवकर भरत नाही, एक बरं होतंय तोवर दुसरं येतं. बावन्न वर्षांचा एक हमाल असाच आला होता. आधी मानेवर, मग पाठीवर, मग काखेत. पुवात स्टॅफ भरपूर वाढला आणि साखरेची एचबीए1सी ही रक्ततपासणी निघाली 11 टक्के. साडेसहापासून पुढे मधुमेह धरतात. चीर, अँटिबायोटिक आणि साखरेची औषधं झाल्यावर त्याची गळवं थांबली. अंगात पू असताना साखर तात्पुरतीही चढते, म्हणून अशा वेळी बोटातून काढलेल्या एका थेंबावर विसंबू नये. एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं.

आता दुसरी रुग्ण. सत्तावीस वर्षांची शिक्षिका. सहा वर्षं काखमांजरी येतेय, तीनदा चीर देऊन झाली, चार वेळा शुगर तपासली, चारही वेळा नॉर्मल. पू दोनदा कल्चरला लावला, एकदा काही वाढलं नाही, एकदा त्वचेवर नेहमी राहणारे निरुपद्रवी जंतू वाढले. तरी दर वेळी तिला अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स मिळे आणि ‘स्वच्छता ठेवा’ असा सल्ला. बिचारी दिवसातून दोनदा डेटॉलने काख घासत होती. चौथ्या वेळी सर्जननी गाठीचा तुकडाच कापून माझ्याकडे पाठवला.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते मला अजूनही बघायला आवडतं. आपला केस एका अरुंद विहिरीसारख्या खळग्यातून वर येतो. विहिरीच्या भिंतीवरून मेलेल्या पेशींचे पापुद्रे रोज सुटतात. नख आणि केस ज्या केराटिनचे बनतात त्याचेच ते. हे पापुद्रे केसाबरोबर सरकत बाहेर पडायला हवेत. काही माणसांत काख, जांघ, स्तनांखाली, नितंबांमध्ये, म्हणजे जिथे कातडीला कातडी घासते तिथे, विहिरीचं तोंड जाड होऊन बुजतं. आत कचरा साठत जातो, विहीर फुगून पिशवी होते, आणि एक दिवस भिंत फाटते. फाटते ती बाहेर नाही, आत, कातडीच्या खालच्या थरात. तिथे केराटिन कधी नसतंच, त्यामुळे बोटात कुसळ मोडून राहिल्यावर शरीर जसं पेटतं तसंच इथेही पेटतं. पांढऱ्या पेशींची फौज येते, पू होतो, पण मारायला जंतू फारसा नसतोच. या शिक्षिकेच्या स्लाइडवर पुवाच्या मधोमध केसाचा एक तुटका तुकडा होता आणि त्याला चहूबाजूंनी मिठी मारून बसलेल्या राक्षसी पेशी.

गोष्ट इथे संपली असती तर पू काढून भागलं असतं. पण फाटलेल्या भिंतीचे तुकडे आत जिवंत राहतात. कातडीच्या या पेशींना उघडी जागा दिसली की ती झाकत जायचं एवढंच ठाऊक. त्या पुवाच्या पोकळीला आतून अस्तर लावत सुटतात आणि कातडीखाली बोगदा तयार होतो. अस्तर लागलेला बोगदा मिटत नाही, शिवाय तो स्वतः नवे पापुद्रे गाळत राहतो. वरून चीर दिली की पू जातो, ठणका थांबतो, पण पिशवी आणि बोगदा जागच्या जागी. काही आठवड्यांनी तेच गळू तिथेच परत.

या आजाराचं नाव हायड्रॅडेनायटिस सपुरेटिव्हा. नावाचा अर्थ घामाच्या ग्रंथींचा पू होणारा दाह. 1854 मध्ये वेर्नय या फ्रेंच सर्जनने दोष घामग्रंथींवर ठेवला. मूळ केसाच्या विहिरीत आहे हे आता कळलं असलं तरी नाव तेच चिकटलंय, आणि मीही रिपोर्टवर तेच लिहिते.

याला रक्ताची तपासणी नाही. ओळखायचं ते तीन प्रश्नांवरून: गाठी कशा, कुठे, किती वेळा. याच ठराविक जागी सहा महिन्यांत दोनदा किंवा अधिक वेळा दुखऱ्या गाठी आल्या तर साधं गळू समजून सोडू नये. शेजारीशेजारी दोन तोंडं असलेले काळे ठिपके, दोरीसारखे वण, एक जागा दाबली की दुसरीकडून पू येणं, या आणखी खुणा. शिक्षिकेला फोनवर विचारलं, जांघेत कधी? बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, तिथे तर आधीपासून आहे. कुणी विचारलंच नाही.’

शुगरवाले काका अर्धे बरोबर ते एवढ्यासाठी की या रुग्णांत मधुमेह इतरांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून साखर तपासायचीच. पण नॉर्मल आली की शोध थांबवायचा नाही, आणि वाढलेली आली तरी गाठींचा सगळा दोष तिच्यावर टाकायचा नाही. आपल्याकडे एक शंका आणखी ठेवावी लागते. काखेतली गाठ फारशी दुखत नसेल, गरम लागत नसेल, हळूहळू मऊ होऊन पातळ पू वाहत असेल तर टीबी बघावा. मधुमेह्याच्या जांघेत मात्र तासातासाला पसरणारी सूज, असह्य दुखणं किंवा काळी पडणारी कातडी दिसली तर त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठावं.

उपचार त्वचारोगतज्ज्ञाचे. सुरुवातीला क्लिंडामायसिनचं लोशन किंवा काही आठवडे डॉक्सिसायक्लिन. ही अँटिबायोटिक असली तरी इथे त्यांचा दाह शमवण्याचा गुणही कामी येतो. तंबाखूच्या धुराचं आणि वजनाचं या आजाराशी घट्ट नातं आहे, दोन्ही कमी केलेलं बरं. आजार जास्त असेल तर दाह दाबणारी अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं असतात, महाग आहेत आणि आधी टीबी नाही याची खात्री करावी लागते. बोगद्यावर मात्र शस्त्रक्रियाच. त्यात नुसती चीर देत नाहीत, सळई घालून बोगदा कुठवर गेलाय ते बघतात, त्याचं छप्पर पूर्ण कापून काढतात, तळ खरवडतात आणि जखम न शिवता खालून भरू देतात.

शिक्षिकेच्या उजव्या काखेत तेच केलं. जखम भरायला पाच आठवडे लागले, आणि त्या जागी दीड वर्षात काही आलेलं नाही. डाव्या काखेत बोगदा नव्हता, ती गोळ्यांवर शांत आहे. जांघेत अजून अधूनमधून एखादी गाठ उठते.