पाऊलमोजणी (फोन व घड्याळातील)

मोबाईल फोन, मनगटी घड्याळ किंवा फिटनेस बँड माणसाची पावले मोजतात, म्हणजे खरे तर ते पाऊल पाहत नाहीत. ते हादरे मोजतात आणि त्यांतले चालण्यासारखे कोणते, याचा अंदाज बांधतात. साताऱ्यात पहाटे ‘चार भिंती’ स्मारकाच्या बाजूने अजिंक्यतारा गडाची चढण चढणाऱ्या एकाच माणसाच्या घड्याळाचा आणि फोनचा आकडा जुळत नाही, याचे मूळ या अंदाजात आहे.

मोजणीचा मुख्य भार अ‍ॅक्सेलरोमीटरवर, म्हणजे त्वरणमापकावर असतो. त्याच्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. ठोकळ्याच्या कडेला फणीसारखे दात असतात, आणि ते चौकटीच्या स्थिर दातांमध्ये न टेकता शिरलेले असतात. फोन हलला की जडत्वामुळे ठोकळा किंचित मागे राहतो, दातांमधले अंतर बदलते आणि त्यांच्यातली विद्युतधारिता बदलते. हा बदल मोजून चिप त्वरण सांगते. अशी मापे तीन दिशांना घेतली जातात. टेबलावर निश्चल पडलेला फोनही शून्य दाखवत नाही, तर सुमारे 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग दाखवतो, कारण टेबल त्याला गुरुत्वाविरुद्ध सतत वर तोलून धरत असतो. हातातून निसटलेला फोन मात्र खाली पडेपर्यंत जवळजवळ शून्य दाखवतो.

जायरोस्कोप फिरणे मोजतो. त्यातले वस्तुमान सतत कंपत ठेवलेले असते. उपकरण वळले की कोरिऑलिस परिणामामुळे हे कंपन बाजूला ढळते, आणि त्यावरून सेकंदाला किती अंश वळण झाले ते कळते. कंपन चालू ठेवायला बॅटरी खर्च होते, म्हणून दिवसभराची पाऊलमोजणी सहसा जायरोस्कोपवर टाकत नाहीत. जायरोस्कोप नसलेला स्वस्त फोनही पावले मोजतो तो यामुळेच. खिशात फोन कलंडला तर ‘खाली’ कुठे आहे ते ठरवायला, किंवा हाताचा झोका ओळखायला जायरोस्कोप उपयोगी पडतो.

आता एक पाऊल जवळून पाहू. बेताच्या चालीत माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. सेन्सर सेकंदाला 50 नोंदी घेत असेल, तर एका पावलाच्या वाट्याला 25 नोंदी येतात. तीन दिशांच्या मापांचे एकच मूल्य `√(x² + y² + z²)` असे काढले की फोन खिशात उलटा आहे की सुलटा, याने फरक पडत नाही. टाच टेकते तेव्हा हे मूल्य 9.8 च्या वर उसळते, मग अंग पुढे जाताना खाली येते, आणि पुढच्या टाचेला पुन्हा उसळते. चढउतारांची ही माळ गाळणीतून जाते, त्यामुळे बारीक थरथर निघून जाते. उरलेल्या प्रत्येक उंचवट्याला दोन प्रश्न विचारले जातात. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा उंच आहे का? मागच्या उंचवट्यापासून पावलाला शोभेल इतका वेळ गेला आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर पाऊल. पुष्कळ उपकरणे तरीही लगेच मोजत नाहीत. अशी काही पावले ओळीने, एका लयीत पडली तरच ‘हा माणूस चालतो आहे’ असे मानतात आणि मग मोजायची राहिलेली पावले एकदम जमेला धरतात.

मर्यादा किती उंच, लय किती काटेकोर, सुरुवातीची पावले किती, हे प्रत्येक निर्माता आपापले ठरवतो आणि सहसा उघड करत नाही. दोन उपकरणांच्या आकड्यांत फरक पडतो त्याचे एक कारण हे. दुसरे, आणि माझ्या मते मोठे, कारण म्हणजे उपकरण अंगावर कुठे आहे. पँटच्या खिशातल्या फोनला त्या पायाचा ठोका जोरात आणि दुसऱ्या पायाचा हलका लागतो. हलका ठोका मर्यादेखाली गेला की एकाआड एक पाऊल निसटते. मनगटावर पावलाच्या ठोक्याबरोबर हाताचा झोकाही येतो, आणि दोन पावलांत हात एकदाच पुढे-मागे जातो. दोन लयी एकात एक मिसळतात आणि घड्याळाला त्या वेगळ्या कराव्या लागतात. त्यात हातात काठी किंवा भरलेली पिशवी असेल तर झोका जवळजवळ थांबतो. अजिंक्यताऱ्याच्या उभ्या चढावर पाऊल सावकाश आणि अलगद पडते, ठोका दबतो. उतरताना तोच ठोका ठळक येतो. एकाच वाटेवर जाताना आणि येताना आकडा वेगळा आला, तर आधी हे तपासावे.

एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. एका बाईंच्या उजव्या मनगटावर घड्याळ आहे आणि गडावर फोन ओढणीखालच्या छोट्या पर्समध्ये. गडावर त्या खरोखर 5,000 पावले चालल्या. फोनने 4,900 मोजली, घड्याळाने 4,850. घरी आल्यावर फोन ओट्यावर राहिला आणि स्वयंपाकघरात चुलीपासून फळीपर्यंत, फळीपासून मोरीपर्यंत अशी पाच-सहा पावलांच्या फेऱ्यांनी 600 पावले झाली. फोनला त्यातले एकही कळले नाही. घड्याळाने 350 धरली, कारण बऱ्याच फेऱ्या लय जमायच्या आतच संपल्या. मग घड्याळ कोपराकडे सरकवून त्यांनी ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. थापटण्याची लय चालण्याच्या लयीशी इतकी मिळतीजुळती की घड्याळाने 200 पावले वाढवली. खरी पावले 5,600, फोनवर 4,900, घड्याळावर 5,400. घड्याळ खऱ्या आकड्याजवळ आहे, पण ते 400 पावले चुकवून आणि 200 खोटी घालून तिथे आले आहे. बेरीज जवळ आली म्हणून मोजणी बरोबर ठरत नाही.

वाहनाचे हादरे हा आणखी एक फसवा भाग. स्कूटरच्या इंजिनाची थरथर सेकंदाला दहा-वीस वेळांहून कितीतरी जलद असते, ती गाळणीत सहज अडकते. एसटीची गाडी खराब रस्त्यावर स्प्रिंगांवर डुलते ती मात्र सेकंदाला एक-दोन वेळा, नेमक्या पावलाच्या वेगाने. ते डुलणे गाळले तर चालणेही गाळले जाईल, म्हणून उपकरण तिथे फक्त लयीच्या नियमितपणावर विसंबते. प्रवासात बसल्या जागी पावले वाढलेली दिसली तर लय चुकून जुळलेली असते.

दोन माणसांतला फरक मात्र बहुधा खराच असतो. तीन किलोमीटरच्या वाटेला 75 सेंटिमीटरची ढांग टाकणाऱ्याची 4,000 पावले होतात, 60 सेंटिमीटरवाल्याची 5,000. यात सेन्सरची काही चूक नाही. उलट घड्याळ पावलांवरून किलोमीटर काढते तेव्हा उंचीवरून ढांगेचा अंदाज करते, आणि चढावर ढांग आखूड झाली तरी तोच अंदाज चालवू शकते.

कधी घोटाळा अ‍ॅपचाही असतो. अँड्रॉइडमधला `TYPE_STEP_COUNTER` हा सेन्सर दिवसाची पावले सांगतच नाही. फोन शेवटचा चालू केल्यापासूनची एकूण पावले सांगतो, आणि फोन बंद करून चालू केला की पुन्हा शून्यापासून मोजतो. दिवसाचा आकडा अ‍ॅप वजाबाकी करून काढते, त्यामुळे मधला आकडा नीट जपला गेला नाही तर सकाळची चाल हरवते.

उपकरण पारखायचे तर तोंडाने मोजत सपाट रस्त्यावर 100 पावले चालावे, थोडे थांबून आकडा पाहावा, कारण तो काही सेकंद उशिरा वाढतो. मग तीच 100 पावले हातात पिशवी घेऊन, आणि पुन्हा चढावर सावकाश चालावीत. सपाटीवर 98 आणि चढावर 70 आली, तर उपकरण बिघडलेले नाही, त्याची मर्यादा त्या चालीसाठी उंच आहे.