बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती

वस्तू बहिर्वक्र भिंगासमोर कुठे ठेवली की प्रतिमा कुठे आणि किती मोठी मिळते, हे दोन-तीन किरण रेखाटून शोधण्याची भौमितिक पद्धत म्हणजे किरणाकृती. पाठ्यपुस्तकांत वस्तूच्या सहा स्थानांसाठी सहा वेगळ्या आकृत्या देतात आणि विद्यार्थी त्या सुट्या सुट्या पाठ करतात. खरे तर ती एकाच आकृतीची सहा रूपे आहेत.

समजा, भिंगाचे नाभीय अंतर १० सेंमी आहे आणि २ सेंमी उंचीची वस्तू मुख्य अक्षावर उभी आहे. वस्तूच्या टोकापासून दोन किरण काढायचे. पहिला मुख्य अक्षाला समांतर जातो आणि भिंगातून गेल्यावर पलीकडच्या नाभीतून जातो. दुसरा प्रकाशीय केंद्रातून न वळता सरळ जातो. ते जिथे छेदतात तिथे प्रतिमेचे टोक असते. तिथून अक्षावर टाकलेला लंब म्हणजे प्रतिमा.

आता वस्तू अक्षावरून सरकवली, तर तिची उंची तीच असल्यामुळे समांतर किरण भिंगावर नेहमी २ सेंमी उंचीवरच आदळतो आणि पुढे नेहमी त्याच रेषेने जातो. म्हणजे पहिल्या किरणाचा वळलेला भाग कायम स्थिर असतो. बदलतो तो फक्त केंद्रातून जाणाऱ्या किरणाचा उतार: वस्तू जवळ येईल तसा तो अधिक तिरपा होतो. त्यामुळे प्रतिमेचे टोक त्या स्थिर रेषेवरून घरंगळत जाते, ती रेषा सोडत नाही.

वस्तू ३० सेंमीवर असताना प्रतिमा १५ सेंमीवर, उलटी आणि १ सेंमी उंचीची मिळते. वस्तू २० सेंमीवर, म्हणजे नाभीय अंतराच्या दुपटीवर आणली की प्रतिमाही पलीकडे २० सेंमीवर आणि वस्तूएवढीच. वस्तू १५ सेंमीवर आणली की प्रतिमा ३० सेंमीवर जाते आणि ४ सेंमी उंच होते. सूत्राने हे पडताळता येते. 1/v − 1/u = 1/f यात u हे वस्तूचे, v हे प्रतिमेचे आणि f हे नाभीय अंतर; वस्तूचे अंतर ऋण धरायचे, म्हणजे १/v = १/१० − १/१५ = १/३०. पुढे वस्तू केवळ ३ सेंमी सरकवून १२ सेंमीवर आणली, तर प्रतिमा ३० सेंमी दूर पळून ६० सेंमीवर जाते आणि १० सेंमी उंच होते.

वस्तू नेमकी नाभीवर आली की केंद्रातून जाणाऱ्या किरणाचा उतार स्थिर रेषेएवढाच होतो. दोन्ही किरण समांतर, छेदनबिंदू नाही. प्रतिमा अनंत अंतरावर गेली असे म्हणतात. वस्तू नाभीच्या आत येताच केंद्रातला किरण स्थिर रेषेपेक्षा तिरपा होतो आणि पलीकडे दोघे एकमेकांपासून फाकतात. अशा वेळी दोन्ही रेषा तुटक रेघांनी वस्तूच्या बाजूला मागे वाढवायच्या. त्या तिथे अक्षाच्या वर मिळतात, म्हणून प्रतिमा सुलटी आणि आभासी असते. ती पडद्यावर घेता येत नाही. वस्तू ५ सेंमीवर असेल तर ही प्रतिमा त्याच बाजूला १० सेंमीवर आणि ४ सेंमी उंच. वस्तू आणखी जवळ नेली की प्रतिमा लहान होत वस्तूएवढी होऊ लागते, पण वस्तूपेक्षा लहान कधीच होत नाही.

आकृती बरोबर आहे का, हे ओळखायची सोपी खूण अशी: वस्तू ज्या दिशेला सरकते, त्याच दिशेला प्रतिमाही सरकते. अपवाद एकच, वस्तू नाभी ओलांडते त्या क्षणी प्रतिमा पलीकडच्या अनंतातून अलीकडच्या अनंतात उडी घेते.

नाभीजवळची आकृती मात्र पेन्सिलीने नीट निघत नाही, आणि दोष चित्रकाराचा नसतो. तिथे दोन रेषा फारच लहान कोनात छेदतात. समांतर किरण चुकून १ मिमी खाली काढला, तर वस्तू १५ सेंमीवर असताना प्रतिमा ३० ऐवजी सुमारे ३३.५ सेंमीवर दिसेल. वस्तू ११ सेंमीवर असताना तीच चूक ११० सेंमीचे २३० सेंमीच्या पुढे नेते. अशा ठिकाणी आकृतीवरून प्रतिमेचे स्वरूप ठरवावे आणि अंतर सूत्रावरून काढावे.

आकृतीत किरण केंद्रातून जाणाऱ्या उभ्या रेषेवर एकदाच वळवतात. प्रत्यक्षात तो दोन्ही पृष्ठभागांवर वळतो. ही सोय पातळ भिंग आणि अक्षाशी लहान कोन करणारे किरण यांपुरतीच ठीक आहे. वस्तू भिंगापेक्षा उंच असेल, तर ती उभी रेषा खुशाल भिंगाबाहेर वाढवावी आणि किरण तिथेच वळवावा. छेदनबिंदू बदलत नाही. प्रत्यक्ष प्रतिमा टोकातून निघून भिंगात शिरणाऱ्या सगळ्याच किरणांनी बनते. दोन किरण निवडतो ते केवळ काढायला सोपे म्हणून. त्यामुळेच अर्धे भिंग काळ्या कागदाने झाकले तरी प्रतिमा अर्धी होत नाही, फक्त मंद होते.