डावा हात उजव्याच्या मागे का धावतो

पेटी शिकायला मी बसलो ते एकसष्टाव्या वर्षी. बोटं वळणार नाहीत, या धास्तीने पहिला महिना काढला. प्रत्यक्षात घोटाळा केला तो डाव्या हाताने. उजवा हात पांढरी एकमध्ये बरा चालायचा: सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्या बोटाने, मग अंगठा खालून सरकवून म. पण जेवढे सूर तेवढे धक्के डावा हात भात्याला द्यायचा. पेटीच्या आत हवा साठवणारा दुसरा भाता असतो, तो थोडंफार सांभाळून घेतो, तरी सूर धापा टाकत निघायचा. सर म्हणाले, "काका, तुम्हाला टाळ कुणी वाजवायला सांगितलेत?"

माझ्याबरोबर आठ वर्षांची नातही शिकत होती. तिचाही भाता सुरुवातीला असाच उसळायचा, पण तीनेक आठवड्यांत तो आपोआप शांत झाला. मला चार महिने लागले. दोन माणसांवरून सिद्ध काहीच होत नाही, तिचा पाठांतराचा उत्साहही वेगळा. पण हा फरक नेमका कुठून येतो हे शोधताना जे वाचलं, ते बोटांपेक्षा मेंदूच्या मधल्या पुलाबद्दल जास्त होतं.

उजव्या हाताला मेंदूचा डावा अर्धगोल हलवतो, डाव्या हाताला उजवा अर्धगोल. या दोघांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा जाड पट्टा म्हणजे कॉर्पस कलोसम. त्याचं काम नुसतं निरोप पोचवण्याचं नाही, गप्प बसवण्याचंही आहे. एक हात कामाला लागला की त्याची बाजू पुलावरून दुसऱ्या बाजूला सांगते, ‘तू थांब.’ हा लगाम ढिला असेल तर एका हाताची हालचाल दुसऱ्यात झिरपते. लहान मूल एका हाताने कात्री चालवताना दुसऱ्या हाताची बोटंही हलवतं, ते यामुळेच. साधारण दहाव्या वर्षापर्यंत हे झिरपणं ओसरतं. गंमत म्हणजे म्हातारपणी ते थोडं परत येतं, आणि काम अवघड असेल तर कुठल्याही वयात डोकं वर काढतं. माझ्या बाबतीत दोन्ही कारणं हजर होती.

मग आठ वर्षांच्या मुलीला सोपं का गेलं? तिचा लगाम तर अजून पुरता तयारही नाही. उत्तर बहुधा त्यातच आहे. या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढतं, आणि वेष्टण चढलेल्या तंतूतून संदेश कितीतरी वेगाने आणि वेळेवर पोचतो. बालपणी पुलावर हे काम जोरात चालू असतं, आणि कुठले तंतू किती वापरात आहेत यावर ते काही अंशी ठरतं. म्हणजे त्या वयात दोन हातांना वेगवेगळी कामं लावली, तर रस्ता बांधला जात असतानाच त्यावरून गाड्या धावतात. मला तयार रस्त्याची दुरुस्ती करायची होती, तीही वाहतूक चालू ठेवून.

1995 साली वादकांच्या मेंदूची चित्रं तपासली गेली, तेव्हा सातव्या वर्षाआधी सुरुवात केलेल्यांत या पुलाचा पुढचा भाग मोठा आढळला. यावर लगेच शंका येते: लवकर सुरुवात केली म्हणजे रियाजाची वर्षंही जास्त, मग वयाचं श्रेय कशाला? मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी ही शंका गंभीरपणे घेतली. सातच्या आधी आणि नंतर सुरुवात केलेले असे वादक त्यांनी निवडले, ज्यांची वादनाची एकूण वर्षं आणि शिक्षण सारखं होतं. ठरावीक लयीत बोटाने ठोके द्यायचे, एवढंच काम. लवकर सुरुवात केलेले वेळेच्या बाबतीत जास्त काटेकोर निघाले. पाच दिवस सराव दिल्यावर दोन्ही गट सुधारले, पण अंतर मिटलं नाही. 2013 साली याच पद्धतीच्या तुलनेत पुलाच्या मागच्या बाजूच्या तंतूंतही फरक दिसला.

मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे, की उशिरा आलेला गटही रोज सुधारत होता. सात या आकड्यापाशी दार बंद होत नाही, उतार सुरू होतो. खरोखर बंद होणारी दारं मोजकी आहेत. सूर ऐकताक्षणी, दुसरा कुठलाही सूर न ऐकता, त्याचं नाव सांगण्याची क्षमता बहुतेकदा सहा-सात वर्षांच्या आत शिकणाऱ्यांतच येते. पण आपल्या संगीतात त्यावाचून फारसं अडत नाही. सा आपण गळ्याप्रमाणे ठरवतो आणि बाकीचे सूर त्याच्याशी नातं जोडून ओळखतो. हे नातं ओळखायला कान साठीतही शिकतो.

आणि मेंदूची रचना? तीन चेंडू हवेत फिरवायला शिकवून जर्मन संशोधकांनी ती पाहिली. 2004 साली तरुणांवर, 2008 साली साठीच्या आसपासच्या लोकांवर. तीन महिन्यांच्या सरावाने दोघांच्याही मेंदूत, हालचाल पाहणाऱ्या भागात, करड्या द्रव्यात वाढ मोजता आली. मात्र साठीतल्यांचं कौशल्य तरुणांएवढं झालं नाही, आणि सराव थांबल्यावर ही वाढ ओसरली. चित्रातली वाढ म्हणजे नेमकं काय, नवे जोड की नुसतं बाकी ऊतकांचं फुगणं, यावर तज्ज्ञांत वाद आहे. मायलिनबद्दल मात्र एक प्रयोग मला पटला. प्रौढ उंदरांना वेडेवाकडे दांडे असलेल्या चाकावर धावायला शिकवलं. ज्यांच्या मेंदूत नवं मायलिन बनवणाऱ्या पेशी तयार होणं रोखलं होतं, ते नीट शिकू शकले नाहीत. म्हणजे प्रौढ प्राण्यालाही शिकताना नवं वेष्टण चढवावं लागतं, आणि ते चढतंही. उंदरावरून माणसाकडे उडी मारताना जपून, एवढंच.

हे कळल्यावर सरांनी सांगितलेलं मला वेगळं वाटू लागलं. त्यांनी उजवा हात जवळजवळ बंदच केला होता. फक्त सा दाबून धरायचा, आणि चार मात्रांत भाता एकदा सावकाश लोटायचा. सूर डगमगला की चूक. तो सपाट झाला की उजव्या हाताने सा-रे, सा-रे, पण डाव्याचा वेग तोच. दोन आठवडे सलग सा रे ग म नाही. कंटाळवाणं काम! पण पुलावरचा लगाम उजव्या हाताच्या घाईत ऐकूच येत नव्हता, तो आता ऐकू यायला लागला.

दुसरी गोष्ट मी स्वतः शिकलो, जरा उशिरा. रविवारी दोन तास बसून शेवटी सूर सपाट यायचा आणि मी खूश व्हायचो. सोमवारी पहिल्याच अलंकाराला पुन्हा टाळ. बैठकीच्या शेवटी जे येतं ते त्या वेळेपुरतं गरम झालेलं असतं; टिकलंय का, हे झोपेनंतरचा पहिला प्रयत्न सांगतो. आता रोज वीस मिनिटं बसतो आणि सकाळची पहिली ओळ फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवतो. आठवड्याच्या सात ओळी ओळीने ऐकल्या की भाता कुठे उसळला ते बिनचूक कळतं. खांदा वर आलाय किंवा श्वास रोखलाय, हेही ऐकू येतं, कारण त्या जागी सूर कडक होतो.

विलंबित आणि मध्य लयीत आता भाता बिघडत नाही. द्रुत लयीत म वरून प वर जाताना, अंगठा नुकताच सरकलेला असतो तेव्हा, डावा हात अजूनही एक छोटा धक्का देतो. नातीला तो दुरूनच ऐकू येतो. ती काही बोलत नाही, फक्त मान वर करते.