‘असेपर्यंत’ की ‘सोडल्यानंतर’? नॉन-कॉम्पीटची पार्श्वभूमी

‘राजीनाम्यानंतर बारा महिने स्पर्धक कंपनीत काम करणार नाही.’ अपॉइंटमेंट लेटरमधल्या या ओळीबद्दल, म्हणजे नॉन-कॉम्पीटबद्दल, विचारलं की एचआरकडून हमखास उत्तर येतं, ‘सुप्रीम कोर्टानं मान्य केलंय.’ ज्या निकालाच्या जोरावर हे बोललं जातं तो 1967 चा, आणि प्रकरण आपल्या कल्याणचं.

तिथल्या एका कारखान्यानं टायर कॉर्डच्या धाग्याचं तंत्रज्ञान एका डच कंपनीकडून घेतलं होतं. कामगारांकडूनही गुप्ततेची हमी लिहून घ्यायची, ही त्या कंपनीची अट. मार्च 1963 मध्ये एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर लागला, प्रशिक्षण घेतलं आणि 1964 च्या अखेरीस राजस्थानातल्या कोटा इथल्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. कोर्टानं त्याला मनाई केली, पण फक्त तशाच कामापुरती आणि 15 मार्च 1968 पर्यंतच. म्हणजे त्यानं स्वतः कबूल केलेली पाच वर्षं संपेपर्यंत. करार चालू असतानाचं बंधन वेगळं आणि करार संपल्यावरचं वेगळं, हा त्या निकालाचा गाभा. एचआरच्या तोंडी नेमका तोच गळतो.

करार संपल्यावर 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 आडवं येतं. धंदा-व्यवसायाला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्याचा. इंग्लंडमध्ये ‘वाजवी’ बंधन टिकतं, इथे तो शब्द कलमात नाहीच. 2006 मध्ये एका क्रिकेटपटूच्या जाहिरात कराराबाबतही सुप्रीम कोर्टानं हेच धरलं.

आजच्या बहुतेक नोकऱ्यांना ठरावीक मुदत नसते. नोटीस पिरियड संपला की करार संपला. त्यामुळे ते ‘बारा महिने’ बहुधा कागदावरचेच. तरी वकिलाची नोटीस येऊ शकते आणि रिलीव्हिंग लेटर अडवलं जाऊ शकतं, म्हणून ती ओळ काढून मागायला लाजू नये. नोकरीत असताना स्पर्धकाचं काम न करण्याची अट मात्र मला रास्त वाटते.

बाँडचं गणित निराळं. 2025 मध्ये एका सरकारी बँकेची, तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट टिकली, कारण ती नोकरी चालू असतानाच्या काळाला लागू होती. रक्कम बघूनच सही करावी.

गोपनीयतेचं कलम नोकरीनंतरही चालतं. प्रश्न व्याख्येचा. ‘ग्राहकांचे दर, सोर्स कोड, फॉर्म्युले’ असं नेमकं लिहिलेलं असेल आणि आधीच जाहीर असलेली माहिती वगळलेली असेल, तर खुशाल स्वीकारावं. ‘नोकरीत मिळालेली सर्व माहिती व अनुभव’ असं असेल तर ते मागच्या दारानं आलेलं नॉन-कॉम्पीटच. डिस्ट्रिब्युटरची दरयादी पेन ड्राइव्हवर नेणं आणि वाटाघाटी कशा करायच्या हे शिकून बाहेर पडणं, यातला फरक त्या कलमात दिसायला हवा. नसेल तर ‘अनुभव’ हा शब्द खोडून मागावा.